एक टिक, दोन टिक: निरोप नेमका कुठपर्यंत पोचला?

प्रश्न: मी तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. दर शनिवारी आमच्याकडे ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा भरतो. व्हॉट्सॲप सगळेच वापरतात, पण इथून पाठवलेला निरोप परगावच्या नातवाकडे क्षणात कसा जातो, मधे कोण असतं, कुणी वाचतं का, आणि अडकतो तेव्हा कुठे अडकतो, हे मला विचारतात. तासाभरात, चुकीचं काही न सांगता, हे कसं समजावून सांगू?

उत्तर: मी दूरसंचारात तेहतीस वर्षं काढली. त्यातली निम्मी डेटाच्या जाळ्यावर गेली, आणि निवृत्तीनंतर वाचनालयांत हाच तास घेतो. सुरुवातीला मी फळ्यावर ढग काढायचो, टॉवर काढायचो, बाण काढायचो, आणि दहाव्या मिनिटाला अर्ध्या माना डुलायला लागायच्या. मग फळा सोडला आणि टिकांपासून सुरुवात केली. निरोपाखाली उमटणारी ती बारीकशी खूण प्रत्येकाने हजारदा पाहिलेली असते, आणि प्रवासाचा सगळा हिशोब तिच्यातच असतो. तुम्हीही तिथूनच सुरू करा.

टेबलावर दोन फोन शेजारी शेजारी ठेवा. एक कुलकर्णी काकांचा, एक शेख काकूंचा, असे कट्ट्यावरचेच घ्या, म्हणजे सगळे पुढे सरकून बघतात. काकूंचा फोन विमान मोडवर टाका. काही फोनमध्ये विमान मोड लावूनही वायफाय चालूच राहतं, ते वेगळं बंद केलंय ना, तेवढं बघून घ्या. आता काकांना टाइप करायला सांगा, "पोचलास का?" आणि पाठवा. त्यांच्या फोनवर एक राखाडी टिक येईल आणि तिथेच थांबेल. इथे तुम्हीही थांबा आणि विचारा, निरोप आत्ता कुठे आहे? काकांच्या फोनमधून तर तो निघाला. काकूंच्या फोनमध्ये आलेला नाही. दोन फोनांमध्ये वीतभर अंतर आहे, आणि निरोप या खोलीतच नाही.

तो सर्व्हरवर आहे. सर्व्हर म्हणजे डेटा सेंटर नावाच्या मोठ्या इमारतीत रांगेने लावलेल्या, चोवीस तास चालू असणाऱ्या मशीनपैकी एक. ती इमारत इथून शेकडो किंवा हजारो किलोमीटरवर असते, अगदी देशाबाहेरही असू शकते. पहिली टिक म्हणजे त्या सर्व्हरने दिलेली पोचपावती: तुमचा निरोप माझ्या ताब्यात आला. आता काकूंचा विमान मोड काढा. चार-पाच सेकंदांत त्यांचा फोन वाजेल आणि त्याच वेळी काकांकडे दुसरी टिक उमटेल. ती पावती काकूंच्या फोनने दिली, सर्व्हरमार्गे. काकूंनी निरोप उघडला की दोन्ही टिका निळ्या होतात, ही तिसरी पावती. पूर्वी रजिस्टर पत्राला एडी लावायचो, सही झालेलं कार्ड परत यायचं, तशीच. इथे तीन टप्प्यांवर तीन कार्डं परत येतात एवढंच.

शेवटी उलटा प्रयोग करा. आता काकांचा फोन विमान मोडवर टाकून निरोप पाठवा. टिकेऐवजी छोटं घड्याळ दिसेल. म्हणजे निरोप अजून काकांच्या फोनमध्येच पडून आहे, उंबरठाही ओलांडलेला नाही.

हा प्रयोग झाला की पहिला प्रश्न हमखास येतो: फोन शेजारी असताना एवढा वळसा कशाला? याचं उत्तर नीट द्या, कारण सगळं त्यावर उभं आहे.

मोबाइल नंबर हा इंटरनेटवरचा पत्ता नव्हे. फोन डेटाला किंवा वायफायला जोडला की ते जाळं त्याला एक तात्पुरता आकडा देतं, त्याला आयपी पत्ता म्हणतात. घरच्या वायफायवर एक, एसटीत बसून डेटा सुरू केला की दुसरा, मुलाकडे पुण्यात गेलात की तिसरा. शिवाय हा आकडा बऱ्याचदा ऑफिसातल्या एक्स्टेन्शनसारखा असतो. तुमच्यापैकी बँकेत, कचेरीत नोकरी केलेले असतील. टेबलावरच्या २१४ नंबरच्या एक्स्टेन्शनवरून बाहेर फोन लावता यायचा, पण बाहेरच्या माणसाला थेट २१४ फिरवून तुम्ही सापडायचा नाहीत. फोनचं तसंच आहे. काकांच्या फोनला काकूंचा फोन या घटकेला कुठे आहे हे ठाऊक नसतं, आणि ठाऊक झालं तरी बाहेरून थेट आत शिरता येत नाही.

म्हणून दोघांचेही फोन स्वतःहून सर्व्हरला जोडून घेतात आणि ती जोडणी धरून ठेवतात. सर्व्हर कुणाच्या घरी शोधत जात नाही. त्याच्याकडे नोंद असते, की अमुक मोबाइल नंबर सध्या या जोडणीवर आहे. निरोप आला की तो त्या जोडणीत सोडतो. फोन झोपलेला असेल तर ज्या कंपनीची फोनची यंत्रणा आहे, गूगल किंवा ॲपल, तिच्यामार्फत त्याला हलवून जागं केलं जातं. जोडणीच नसेल तर निरोप राखून ठेवला जातो. व्हॉट्सॲप तो ३० दिवस ठेवतं, तोवर फोन आलाच नाही तर पुसून टाकतं. आमच्या देवरुखाकडे जुन्या लोकांना हे पटकन पटतं. एसटी स्टँडजवळच्या दुकानात चिठ्ठी ठेवायची आणि वाडीवरचं माणूस बाजाराला आलं की त्याने ती घेऊन जायची, ही पद्धत त्यांनी वापरलेली आहे.

आता मधला रस्ता. बहुतेकांना वाटतं की निरोप टॉवरवरून टॉवरवर उड्या मारत जातो, नाहीतर थेट उपग्रहावर जातो. दोन्ही तसं नाही. हवेतला प्रवास फोनपासून जवळच्या टॉवरपर्यंतच, फार तर काही किलोमीटर. वायफाय असेल तर भिंतीवरच्या डबीपर्यंत काही पावलंच. टॉवरच्या पायथ्याशी एक कपाट असतं, तिथून निरोप जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरमध्ये शिरतो. फायबर म्हणजे केसाएवढी काचेची तार, आणि तिच्यातून लुकलुकत जाणारा प्रकाश म्हणजे तुमचा निरोप. रस्त्याच्या कडेला चर खणून नारिंगी किंवा काळ्या नळ्या पुरताना तुम्ही पाहिलं असेल, त्या यासाठीच. डोंगराळ भागात जिथे चर खणणं कठीण, तिथे टॉवरला गोल डबडं लावून पुढच्या टॉवरकडे लहरी फेकतात, पण तिथूनही पुढे कुठेतरी फायबर येतंच.

वाटेत प्रत्येक चौकावर राउटर नावाचं यंत्र बसलेलं असतं. ते कसं काम करतं हे सांगायला मी पिनकोड वापरतो. आपला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला, आणि तो आखणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवी आणि पंडित. साताऱ्याचं ४१५००१ लिहिलेलं पत्र कोलकात्यात टपालपेटीत पडलं, तर तिथल्या छाननी करणाऱ्याला सातारा कुठे आहे हे माहीत असायची गरज नाही. पहिला आकडा ४ दिसला की पश्चिमेकडची थैली. महाराष्ट्रात आल्यावर पुढचे आकडे बघतात, साताऱ्यात आल्यावर शेवटचे. राउटर हेच करतो. पत्त्याचा पुढचा भाग बघतो, त्याच्या तक्त्यात त्या दिशेचं दार कुठलं ते पाहतो, आणि पाकीट त्या दाराने ढकलतो. सगळा रस्ता कुणालाच पाठ नसतो, प्रत्येकाला फक्त पुढचा चौक माहीत असतो. एखादी तार तुटली की शेजारचे राउटर एकमेकांना कळवतात आणि तक्ते बदलतात. म्हणूनच सकाळचा निरोप मुंबईवरून गेला आणि दुपारचा चेन्नईवरून, असं होऊ शकतं, आणि पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

देशाबाहेर जाताना निरोप समुद्रात उतरतो. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याला अशा केबल बाहेर येतात. अरबी समुद्रातून तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र करत फ्रान्सच्या मार्सेयला जाणाऱ्या केबल आहेत, आणि चेन्नईहून सिंगापूरकडे जाणाऱ्याही. खोल समुद्रातली केबल बागेला पाणी घालायच्या पाइपाएवढी जाड, आणि आत थोड्याच काचेच्या तारा. मी तासाला बागेच्या पाइपाचा वीतभर तुकडा घेऊन जातो आणि हातोहात फिरवतो. देशाबाहेरचे व्हिडिओ कॉल, विमानाची तिकिटं, बँकांचे व्यवहार, सगळं एवढ्या जाडीतून जातं, हे हातात धरल्यावर खोलीत जी शांतता पसरते ती मला फार आवडते.

उपग्रहाचा समज इथेच काढून टाका. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. इथून अमेरिकेपर्यंतचा रस्ता वळणावळणाने वीस हजार किलोमीटर धरला, तरी एका सेकंदाचा दहावा भाग. दूरचित्रवाणीचे उपग्रह मात्र सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असतात, नुसतं वर जाऊन खाली यायलाच सेकंदाचा जवळजवळ चौथा भाग लागतो. शिवाय केबलमध्ये मावतं तेवढं उपग्रहात मावत नाही. तेव्हा निरोपाला वेळ लागला तर तो अंतरामुळे लागलेला नसतो, ही गोष्ट मनात पक्की बसू दे.

केबलला इजा होते ती बहुधा जहाजाच्या नांगराने किंवा मासेमारीच्या जाळ्याने. २००८ च्या जानेवारीच्या शेवटी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट काही दिवस रखडत चाललं. मी तेव्हा नोकरीत होतो. पश्चिमेकडची वाहतूक पूर्वेच्या केबलवर वळवली जात होती, आणि घाटातला रस्ता बंद झाल्यावर पर्यायी रस्त्यावर गाड्यांची जशी रांग लागते तशी ती साचत होती. दुरुस्तीला खास जहाज जातं, केबलची दोन्ही टोकं वर उचलून काचेच्या तारा एकमेकींना वितळवून जोडतात आणि पुन्हा खाली सोडतात. त्याला दिवस लागतात, कधी आठवडे.

आता पाकिटांविषयी. इंटरनेटवर एका वेळी जाणारं पाकीट, म्हणजे पॅकेट, साधारण १,५०० बाइटचं असतं. "पोचलास का?" या निरोपात मात्रा-काने धरून देवनागरीची आठ चिन्हं आहेत, प्रत्येकाला तीन बाइट; मधली जागा आणि प्रश्नचिन्ह यांना एकेक. झाले २६ बाइट. पत्ता, कुलूप, नोंदी सगळं जोडलं तरी एका पाकिटात आरामात बसतो. फोटोचं तसं नाही. दोनशे-सव्वादोनशे केबीच्या फोटोची सुमारे दीडशे पाकिटं होतात. प्रत्येकावर क्रमांक असतो. पलीकडे ती मागे-पुढे पोचली तरी क्रमाने लावली जातात, आणि ७३ नंबरचं हरवलं तर त्याची पोच येत नाही, म्हणून तेवढंच पुन्हा पाठवलं जातं. हे दाखवायला जुन्या कॅलेंडरवरचं चित्र कापून, मागे क्रमांक टाकून, तुकडे रांगेतून पुढे द्या आणि मधल्या कुणाला तरी एक तुकडा खिशात ठेवायला सांगा. चित्र लावणारा आपसूक म्हणतो, "सात नंबर आला नाही, परत पाठवा." त्याने राउटरला विचारलेलं नाही, मूळ पाठवणाऱ्यालाच विचारलं, हे तेवढं लक्षात आणून द्या. रस्त्यावरचे राउटर पाकीट हरवलं तर हळहळत नाहीत. हिशोब दोन टोकांनीच ठेवायचा असतो.

फोटोबद्दल आणखी एक. व्हॉट्सॲपमध्ये फोटो निरोपाबरोबर जातच नाही. तो कुलूप लावून एका वेगळ्या कोठारात ठेवला जातो, आणि निरोपातून जाते ती त्या कोठारातल्या जागेची चिठ्ठी, किल्ली आणि एक अगदी छोटं, धुरकट चित्र. म्हणून रेंज कमी असली की फोटो आधी धूसर दिसतो आणि मधे खाली जाणारा बाण असतो. चिठ्ठी आली आहे, सामान अजून आणायचं आहे.

वाचतं कोण, या प्रश्नाला कट्ट्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. मी दोन कुलपं घेऊन जातो, दाबलं की लागणारी. शेख काकूंचा फोन व्हॉट्सॲप सुरू करतानाच अशी बरीचशी उघडी कुलपं सर्व्हरकडे देऊन ठेवतो. किल्ल्या मात्र काकूंच्या फोनमध्येच राहतात, बाहेर जात नाहीत. काकांना निरोप पाठवायचा झाला की त्यांचा फोन सर्व्हरकडून काकूंचं एक उघडं कुलूप मागून घेतो, निरोप पेटीत टाकतो आणि कुलूप दाबतो. एकदा दाबलं की काकांनाही ती पेटी उघडता येत नाही. टॉवरवाला, केबलवाला, राउटर, सर्व्हर, यांच्या हातातून फक्त बंद पेटी जाते. २०१६ च्या एप्रिलपासून व्हॉट्सॲपवर सगळ्यांसाठी हे असंच आहे. काकूंनी नवा फोन घेतला की नवी कुलपं तयार होतात, आणि काकांना गप्पांच्या मधेच सूचना दिसू शकते की समोरच्याचा सुरक्षा कोड बदलला आहे. घाबरायचं कारण नाही, पण नवा फोन घेतला का, हे फोन करून विचारावं. कधी कधी ती सूचना दुसऱ्याच कुणीतरी ते खातं आपल्या फोनवर सुरू केल्यामुळे आलेली असते.

याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगा. कुणी, कुणाला, कधी निरोप पाठवला हे सर्व्हरला कळतं, कारण त्याशिवाय तो पोचवणार कसा? कुलूप वाटेवर असतं, दोन्ही टोकांना निरोप उघडाच असतो. फोन उघडा टेबलावर राहिला, किंवा कुणा अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून आपल्या फोनचा पडदा त्याला दाखवायला सुरुवात केली, तर कुलपाचा काही उपयोग नाही. आणि साधा एसएमएस हा वेगळाच रस्ता आहे. तो मोबाइल कंपनीच्या स्वतःच्या यंत्रणेतून जातो, त्याला इंटरनेट लागत नाही आणि असं कुलूपही नसतं. "बँकेचा ओटीपी आला, म्हणजे नेट चालू आहे" असं बरेच जण धरून चालतात. तसं नसतं. डेटाचा रिचार्ज संपला तरी एसएमएस येऊ शकतो.

आता अडकण्याविषयी, कारण म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला घोर लागतो तो तिथेच. घड्याळ दिसत असेल तर अडचण आपल्या बाजूला: डेटा बंद, रिचार्ज संपला, रेंज नाही. वाचनालयात एक फसवी स्थिती येते. वायफायची खूण पूर्ण दिसते, पण भिंतीवरच्या डबीच्या मागची बाहेर जाणारी तार निखळलेली असते. फोन डबीपर्यंत पोचतो, डबी पुढे पोचत नाही. तेव्हा वायफाय बंद करून डेटावर पाठवून बघायचं. घड्याळाची टिक झाली, म्हणजे दोष डबीकडे.

एकच टिक असेल तर आपली बाजू ठणठणीत आहे, पलीकडचा फोन जोडलेला नाही. माझ्या तासाला येणाऱ्या एका काकूंचा मुलगा मर्चंट नेव्हीत आहे. नऊ दिवस एक टिक. काकूंनी तीनदा फोन बंद करून चालू केला, पुतण्याकडून ॲप काढून पुन्हा टाकून घेतलं, आणि त्यात जुन्या गप्पाही गेल्या. त्यांनी फोन पुढे केला तेव्हा मी फक्त टिक बघितली आणि म्हटलं, "काकू, तुमच्याकडून निरोप गेलाय. तो सर्व्हरवर त्याची वाट बघतोय. जहाज भर समुद्रात आहे." दहाव्या दिवशी बंदर लागलं, आणि अकरा निरोपांना एकापाठोपाठ एक दुसरी टिक आली, ज्या क्रमाने पाठवले त्याच क्रमाने. तीस दिवसांच्या आत होते, म्हणून एकही गेला नाही. एक टिक दिवसेंदिवस राहण्याचं दुसरं एक कारण असतं: समोरच्याने आपल्याला ब्लॉक केलेलं असतं. फोन बंद आहे की ब्लॉक केलंय, हे टिकेवरून ओळखता येत नाही. इतरांच्या निरोपांना त्याची उत्तरं जात असतील तरच अंदाज बांधायचा.

दोन राखाडी टिकांचा अर्थ त्याने वाचलं असा नव्हे, नि वाचलं नाही असाही नव्हे. निरोप त्याच्या फोनवर, किंवा त्याने ऑफिसच्या संगणकावर व्हॉट्सॲप जोडून ठेवलं असेल तर तिथे, उतरला एवढंच. निळ्या टिका बंद ठेवण्याची सोय आहे, त्यामुळे काही मुलांच्या त्या कधीच निळ्या होत नाहीत. सूनबाई वाचत नाही म्हणून रुसलेल्या एका आजींचा गैरसमज मी याच वाक्याने काढला आहे. ग्रुपवर मात्र दुसरी टिक सगळ्यांना पोचल्यावरच येते. चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये एकाचा फोन बंद असला तरी ती अडते.

तास संपताना कुणीतरी विचारतंच, "चुकून पाठवलेला निरोप परत आणता येतो का?" सुटलेलं पाकीट मागे फिरत नाही. "सगळ्यांसाठी काढून टाका" दाबलं की पहिल्या निरोपाच्या मागोमाग दुसरा एक निरोप निघतो. तोच टॉवर, तेच फायबर, तोच सर्व्हर. पलीकडच्या फोनला तो सांगतो की आधीचा पुसून टाक. पहिला अजून सर्व्हरवरच थांबलेला असेल तर त्याच्या पाठोपाठ हाही पोचतो आणि समोरच्याला फक्त निरोप काढल्याची खूण दिसते. पहिला वाचून झाला असेल, तर वाचून झाला. आणि हे बटण दोन-अडीच दिवसच चालतं, त्यानंतर फोन ती सोयच दाखवत नाही. हेही दोन फोनांवर करून दाखवा, काकूंचा विमान मोड लावूनच.